सल्फेट-फ्री शाम्पूने केस खरंच सुधारतात का? सात महिने वापरून पडलेले प्रश्न

मृण्मयी_पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी. थोडं मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी केसांचं रिबॉण्डिंग करून घेतलं. पार्लरमधल्या ताईंनी निघताना बजावलं, "आता फक्त सल्फेट-फ्री शाम्पू. साधा लावलात तर सगळं धुऊन जाईल आणि केस खराब होतील." मी ते मनापासून पाळलं. पहिली बाटली २५० मिलीची, ६२० रुपयांची. फेस जवळजवळ येतच नव्हता. मी शनिवारी रात्री डोकं भरून खोबरेल तेल लावते आणि रविवारी न्हाते. या शाम्पूने तेल निघायलाच तयार नाही. तीनदा लावावा लागायचा, तरी संध्याकाळी मुळाशी चिकट. दोन महिन्यांत टाळूला खाज सुटली, भांगात पिवळसर कोंडा दिसायला लागला.

मग दुसऱ्या कंपनीचा घेतला. त्यावरही पुढे मोठ्या अक्षरात सल्फेट-फ्री. याला मात्र भरपूर फेस, तेल एका धुण्यात साफ. पण केस वाळले की टोकं झाडूसारखी. कंगवा अडकतो, न्हाणीघरात केसांचे तुकडे दिसतात.

दोन्ही बाटल्या सल्फेट-फ्री, दोन्हींचे परिणाम उलट, आणि केस काही सुधारले नाहीत. मैत्रीण म्हणते सगळं मार्केटिंग आहे. आई म्हणते कॉलेज रोडला राहत होतीस तेव्हा केस चांगले होते, इकडचं पाणी बाधलं. कुणाचं ऐकू?

सौंदर्यसखी

मृण्मयी ताई, माझं नाशिकरोडला चौदा वर्षं पार्लर आहे. तुमच्या पार्लरवाल्या ताईंनी बरोबरच सांगितलं. सल्फेट म्हणजे भांडी घासायच्या लिक्विडमध्ये असतं तेच. ते केसांतलं केराटिन ओढून काढतं. माझ्याकडे ज्या क्लायंट साधा शाम्पू वापरतात त्यांची ट्रीटमेंट दोन महिन्यांत उतरते, सल्फेट-फ्री वापरणाऱ्यांची चार-पाच महिने टिकते. हे मी डोळ्यांनी बघते. तुम्ही बहुतेक स्वस्तातला सल्फेट-फ्री घेतलात. सलूनचा प्रोफेशनल घ्या आणि दर वेळी मास्क लावा.

ओझरची_द्राक्षबाग

माझाही हाच प्रश्न आहे. वय २७, दोन्ही बाजूंनी कपाळ वर सरकत चाललंय. वडिलांचंही असंच होतं. सल्फेट-फ्री सुरू करून चार महिने झाले, केस परत आले नाहीत. अजून किती दिवस वापरावा लागेल?

रसायनकाका

मी अंबडच्या एमआयडीसीत शाम्पू आणि हँडवॉशच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. मृण्मयी, काही सांगण्याआधी मला चार गोष्टी कळव.

एक, दोन्ही बाटल्यांच्या पाठीमागची घटकांची यादी. पुढचं लेबल नको. पाण्यानंतरची पहिली चार नावं पुरे, कारण यादीत जास्त प्रमाणातले घटक आधी येतात.

दोन, गळणारे केस एका पांढऱ्या कागदावर ठेवून बघ. पूर्ण लांबीचा केस आणि एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो मुळापासून गळलेला. आखूड तुकडा, ठिपका नाही, तर तो मधेच तुटलेला. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

तीन, घरात पाणी कुठलं येतं. चार, केलेलं रिबॉण्डिंगच होतं ना, की केराटिन?

ओझरच्या दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे. कपाळ मागे सरकणं हे केसांच्या मुळाशी घडतं, हार्मोन आणि आनुवंशिकतेमुळे. शाम्पू दोन मिनिटं बाहेरच्या केसावर असतो. सल्फेट असो वा नसो, त्याने त्यात फरक पडत नाही. चार महिने आणखी घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. यात लवकर सुरू केलेला उपचारच जास्त साथ देतो.

मृण्मयी_पाथर्डीफाटा

काका, रात्री बसून सगळं केलं.

पहिली बाटली: पाणी, डेसिल ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बिटेन, ग्लिसरीन. दुसरी: पाणी, सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट, कोकामिडोप्रोपिल बिटेन, मीठ.

केस: कागदावर ३४ मिळाले. ९ लांब आणि ठिपका असलेले. बाकी २५ तुकडे, बहुतेक बोटभर लांबीचे.

पाणी: महापालिकेचं येतं, पण उन्हाळ्यात पुरत नाही म्हणून सोसायटी बोअरचं त्याच टाकीत सोडते. नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो, गीझरची कॉइल दीड वर्षात बदलली. आणि हो, रिबॉण्डिंगच. आधी उग्र वासाचं क्रीम, मग इस्त्री, मग दुसरं क्रीम.

रसायनकाका

छान. आता उलगडायला सोपं झालं.

आधी बाटल्या. सल्फेट-फ्री म्हणजे अमुक एक घटक नाही, एवढंच लेबल सांगतं. त्याच्या जागी काय घातलंय ते सांगत नाही. तुझ्या पहिल्या बाटलीत ग्लुकोसाइड आहे, साखर आणि तेलापासून बनवलेलं. अतिशय सौम्य, बाळांच्या उत्पादनांत चालतं. पण डोकं भरून खोबरेल लावलेलं असताना त्याची ताकद अपुरी पडते. दुसरीत ओलेफिन सल्फोनेट आहे. नावात सल्फेट नाही, म्हणून लेबलावर सल्फेट-फ्री लिहिणं खोटं ठरत नाही. पण तेल ओढून काढण्यात हे नेहमीच्या सल्फेटच्या तोडीस तोड आहे. म्हणजे तू सौम्यपणासाठी पैसे मोजलेस आणि घरी आणलास तितकाच कडक शाम्पू. माझा राग आहे तो याच गोष्टीवर. ग्राहकाला पुढच्या दोन शब्दांवर अडकवून ठेवायचं आणि खरी माहिती मागे बारीक अक्षरांत टाकायची.

आता सल्फेटबद्दल. सोडियम लॉरिल सल्फेट आणि सोडियम लॉरेथ सल्फेट ही दोन वेगळी रसायनं आहेत. पहिलं कडक. त्वचेवर मुद्दाम जळजळ आणून अभ्यास करायचा असेल तर त्वचारोगतज्ज्ञ तेच पट्टीखाली तासन् तास ठेवतात, त्याची बदनामी तिथूनच झाली. आपल्याकडच्या बहुतेक शाम्पूंत दुसरं असतं, ते बरंच सौम्य. शिवाय शाम्पूत ते एकटं नसतं. बिटेन घातलं की दोघांचे रेणू एकत्र गोळा होऊन राहतात, आणि त्वचेत शिरणारे सुटे रेणू कमी होतात. प्रयोगशाळेत आम्ही हे रोज बघायचो. त्यामुळे "सल्फेट आहे म्हणजे कडक" आणि "सल्फेट नाही म्हणजे सौम्य", दोन्ही वाक्यं बाटली उलटी करून वाचल्याशिवाय मान्य करू नयेत.

सौंदर्यसखी ताई, तुमचं निरीक्षण खरं आहे, पण ते केराटिन ट्रीटमेंटला लागू पडतं. तिथे केसावर थर बसवलेला असतो आणि तो प्रत्येक धुण्याला थोडा थोडा उतरतो. सौम्य शाम्पूने हळू उतरत असेल, मला पटतं. रिबॉण्डिंगमध्ये केसाच्या आतले गंधकाचे बंध तोडून केस सरळ असताना पुन्हा जोडतात. ते कुठल्याच शाम्पूने धुऊन जात नाही. नवीन मूळ उगवतं ते मात्र पहिल्यासारखंच येतं, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर. आणि केसाचं स्वतःचं केराटिन सल्फेटने विरघळून वाहून जात नाही, नाहीतर आपण सगळेच कधीचे टकले झालो असतो.

मृण्मयी, तुझ्या केसांचं मुख्य नुकसान त्या उग्र वासाच्या क्रीमने केलंय. निरोगी केसाच्या बाहेरच्या खवल्यांवर स्निग्ध पदार्थाचा एक अतिशय पातळ थर जन्मतःच चिकटलेला असतो. त्यामुळे केस एकमेकांवरून घसरतात. नुसत्या शाम्पूने तो सहसा निघत नाही, अल्कधर्मी क्रीम आणि ब्लीचने निघतो. एकदा गेला की त्या लांबीवर परत येत नाही. केस निर्जीव असतो, तो स्वतःला दुरुस्त करत नाही. म्हणून "निरोगी होईल" हा शब्दच मला खटकतो. घर्षण कमी करता येतं, तुटणं कमी करता येतं, एवढंच आपल्या हातात आहे. ३४ पैकी २५ तुकडे म्हणजे तुझी तक्रार तुटण्याचीच आहे.

पाण्याचं उद्या लिहितो.

सौंदर्यसखी

काका, केराटिन आणि रिबॉण्डिंगचा फरक मान्य. आम्हाला ट्रेनिंगमध्ये दोन्हींसाठी एकच सूचना देतात, कारण कधी सांगितलं नाही. पण रंगाचं काय? ग्लोबल कलर केलेल्या बायकांचा रंग साध्या शाम्पूने लवकर उतरतो, हे तरी खरं ना?

रसायनकाका

ताई, यात माझं मत पक्कं नाही. नुसत्या पाण्यानेही रंग बराच उतरतो, कारण केस ओला होऊन फुगला की रंगाचे रेणू बाहेर निघतात. शाम्पू बदलल्याने पडणारा फरक त्यामानाने लहान असावा. पण लाल छटा लवकर जातात, आणि तिथे सौम्य शाम्पू वापरून बघायला माझी हरकत नाही. त्याहून आठवड्यात एक धुणं कमी करणं जास्त उपयोगी.

शैलजा_पंचवटी

मी ६४ वर्षांची. आयुष्यभर शिकेकाई-रिठा. मागच्या वर्षी सुनेने एका प्रदर्शनातून हाताने बनवलेली "केमिकल-फ्री, सल्फेट-फ्री" शाम्पूची वडी आणली. खोबरेल आणि एरंडेलाची, कडुनिंब घातलेली. दोनच धुण्यांत केस मेणकटले, हाताला चिकट आणि तरी कोरडे. हे कसं काय? वडीत तर सगळं आपलंच होतं.

रसायनकाका

शैलजा ताई, तेल आणि कॉस्टिकपासून बनवलेली वडी म्हणजे साबण. सल्फेट-फ्री खरंच, पण तिचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो आणि केसाला आम्लधर्मी बाजू मानवते. शिवाय जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबण जुळतो आणि न विरघळणारा चोथा तयार होतो. बादलीच्या कडेला साचतो ना, तोच केसावर बसला. तुमची शिकेकाई किंचित आम्लधर्मी असते, तिचा असा चोथा होत नाही. म्हणून तुम्हाला फरक एवढा जाणवला. चुकून वापरलीच वडी तर एक लिटर पाण्यात एक चमचा व्हिनेगर घालून शेवटचं पाणी त्याचं घ्या, चिकटपणा सुटेल. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

मृण्मयी, याच गोष्टीवर तुझ्या पाण्याची परीक्षा घेता येते. अंगाचा साबण, शक्यतो साधा, किसून अर्धा चमचा घे. आरओ फिल्टरच्या एक ग्लास कोमट पाण्यात विरघळव. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या, एकीत फिल्टरचं अर्धा कप पाणी, दुसरीत नळाचं तेवढंच. ड्रॉपरने साबणाचं पाणी थेंब थेंब घाल, दर वेळी झाकण लावून जोरात हलव. फेस अर्धा मिनिट टिकेपर्यंत किती थेंब लागले ते मोज. शाम्पू घेऊ नको, शाम्पू जड पाण्यातही फेस देतो आणि फरक लपवतो.

निशिगंधा_इंदिरानगर

मध्येच लिहिते, पण या धाग्यात हे असायलाच हवं. माझ्या मुलीला, वय ११, वर्षभर पापण्यांना आणि मानेला खाज. आम्ही घाबरून सगळं सल्फेट-फ्री केलं, तर खाज वाढली. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासणी केली. निघालं काय, तर कोकामिडोप्रोपिल बिटेनची ॲलर्जी. तेच जे काकांनी सौम्य करणारं म्हणून सांगितलं. डोक्यावरून ओघळून पापण्यांवर येतं, तिथली त्वचा पातळ. तो घटक बंद केल्यावर तीन आठवड्यांत पापण्या बऱ्या झाल्या. आता ती जो शाम्पू वापरते त्यात सल्फेट आहे आणि बिटेन नाही.

रसायनकाका

निशिगंधा, बरं झालं लिहिलंस. २००४ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याच बिटेनला त्या वर्षीचा ॲलर्जन म्हणून जाहीर केलं होतं. बनवताना मागे राहिलेल्या अशुद्धी बहुतेकदा कारण असतात. चांगल्या प्रतीच्या मालात त्या फार कमी असतात, पण ज्याला ॲलर्जी झाली त्याला तेवढ्याही पुरतात. सौम्य म्हणजे सगळ्यांना चालेल असं नाही, ही माझ्या लिहिण्यातली उणीव तू भरून काढलीस.

मृण्मयी_पाथर्डीफाटा

काका, मोजलं. फिल्टरचं पाणी: ६ थेंब. नळाचं: ४१. आणि नळाच्या बाटलीत पांढरे दह्यासारखे कण तरंगत होते. आईकडे कॉलेज रोडला जाऊन तिथलंही मोजलं, महापालिकेचं नुसतं, बोअर नाही: १४.

मग आई बरोबर होती असं धरू का?

रसायनकाका

अर्धी. गंगापूर धरणाचं पाणी मऊसर, आणि आपल्या काळ्या पाषाणातून उपसलेलं बोअरचं जड, हा फरक तुझ्या बाटल्यांत स्पष्ट दिसला. रसायनाने उघडा पडलेला केस कॅल्शियम जास्त धरतो, साध्या केसापेक्षा. खरखर त्यानेही वाढते. पण तुझ्या केसांवर किती भार पाण्याचा आणि किती रिबॉण्डिंगचा, हे थेंब मोजून कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावं लागेल.

आधी शाम्पू. साधा घे, लॉरेथ सल्फेट आणि बिटेन असलेला, आणि यादीत खाली कुठेतरी पॉलिक्वाटर्नियम किंवा ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड हे नाव शोध. धुताना शाम्पू पाण्याने पातळ झाला की हे घटक केसावर हलका थर सोडतात. धुतल्यावर जो मऊपणा जाणवतो तो बहुतांशी यांचा असतो. महागड्या सल्फेट-फ्रीमध्येही हेच असतात आणि श्रेय मात्र सल्फेट नसण्याला जातं. १५०-२०० रुपयांत मिळेल.

तेल टाळूवर नको, खाज आहे तोवर. लांबीला लाव, न्हाण्याआधी दोन तास. खोबरेलच लाव. न्हाण्याआधी लावलेल्या खोबरेलाने केसातल्या प्रथिनांची झीज कमी होते, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. सूर्यफूल आणि मिनरल ऑइलने तसं झालं नव्हतं. आणि तो पिवळसर कोंडा आपोआप जाण्याची वाट बघू नको, डॉक्टरांना दाखव. टाळूवर साचलेलं तेल तिथल्या बुरशीचं खाद्य होतं, आणि ते न काढणाऱ्या सौम्य शाम्पूने तिथे नुकसानच केलं.

सौंदर्यसखी

शाम्पूपेक्षा ओले केस विंचरणं बंद करा ताई. निम्मे तुकडे तिथेच पडतात. ओला केस ताणला की तुटतो. कंडिशनर लावलेला असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर सोडवा, आणि टॉवेलने रगडू नका.

रसायनकाका

हे मी लिहायला हवं होतं. शंभर टक्के.

मृण्मयी_पाथर्डीफाटा

सात आठवड्यांनी लिहितेय.

डॉक्टरांनी बुरशीवरचा केटोकोनॅझोल दोन टक्के शाम्पू दिला, आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा. चार आठवड्यांत खाज गेली, कोंडा गेला. लांबीला साधा शाम्पू, १७५ रुपयांचा. ओले केस विंचरणं बंद. कागदावर आता १६ केस, त्यात तुकडे ७. टोकं मात्र अजून खरखरीतच.

मग पाणी. मोठा शब्द वाटेल, पण प्रयोग असा केला: दोन वेण्यांइतके केस वेगळे करून डावीकडचे शेवटचे दोन लिटर फिल्टरच्या पाण्याने, उजवीकडचे नळाच्या. बाकी सगळं सारखं. बहिणीला काही सांगितलं नाही, डोळे मिटून हात लावायला सांगितला. सहा वेळा न्हाले. केस ओले असताना तिने पाच वेळा डावी बाजू मऊ म्हणून सांगितली. वाळल्यावर तिला तीन वेळा डावी वाटली, तीन वेळा उजवी.

आता मला कळत नाही, दर न्हाणीला दोन लिटर फिल्टरचं पाणी यासाठी घालावं का.

शैलजा_पंचवटी

पाणी एवढं मौल्यवान असताना केसांवर घालू नकोस गं. पावसाळ्यात बोअर बंद होईल तेव्हा परत मोजून बघ.

सौंदर्यसखी

वाळल्यावर फरक नाही म्हणजे खरखर रिबॉण्डिंगची. दोन-तीन इंच कापून टाका, हे मी आजही सांगते.

रसायनकाका

सहा वेळांतून पाच ही गोष्ट योगायोगानेही घडू शकते, त्यामुळे ओल्या केसांच्या निकालावरही मी अजून शिक्का मारणार नाही. पण ओला केस मऊ असेल तर सोडवताना तो कमी तुटेल, म्हणून ते बिनमहत्त्वाचंही नाही. फिल्टरच्या पाण्याऐवजी महिन्यातून दोनदा ईडीटीए असलेला शाम्पू वापरून बघ, तो कॅल्शियम धरून नेतो. यादीत "टेट्रासोडियम ईडीटीए" वर असेल असा शोध. सगळ्यात शेवटी असेल तर तो फक्त शाम्पू टिकवण्यापुरता घातलेला असतो. डावी-उजवी तशीच ठेव, बहिणीला या वेळीही सांगू नको, आणि किमान बारा न्हाणी होऊ दे.

मृण्मयी_पाथर्डीफाटा

ठेवते. टोकं दोन इंच कापणार होते, पण मग मोजणी बिघडेल. बारा न्हाणी झाली की कापते.